वेटिंगवाले तीन, जास्तीचे कापले नऊजणांचे : आरक्षण खिडकीला खुलं पत्र

प्रति,
मुख्य आरक्षण पर्यवेक्षक साहेब,
मध्य मुंबईतलं एक रेल्वे आरक्षण केंद्र
(स्टेशनचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही, अर्ज तुमच्याच टेबलावर पडलाय त्यामुळे तुम्हाला कळेलच)

साहेब नमस्कार,

डायरेक्ट मुद्द्यावर येतो. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपची टूर पुढे ढकलावी लागली म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही तुमच्या खिडकीवर जातानाची चोवीस तिकिटं कॅन्सल केली. त्यातल्या नऊ जणांचे पैसे नियमापेक्षा जास्त कापले गेलेत, ते परत हवेत. बाकीच्या पंधरा जणांचं जे कापलं ते बरोबर कापलं, त्याबद्दल आमची काडीचीही तक्रार नाही, हे आधीच लिहून ठेवतो कारण अर्ज दिला की पहिलं वाक्य हेच ऐकायला मिळतं की टूर तुम्ही ढकलली मग पैसे कापणारच ना. कापणारच. प्रश्न किती कापणार एवढाच आहे.

टूर का ढकलली तेही सांगतो, म्हणजे हौस म्हणून कॅन्सल केली असं कुणाला वाटायला नको. ऑगस्टमध्ये तिकिटं काढली होती, तेव्हा १२० दिवस आधी बुकिंग मिळायचं (१ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आणलं, ते वेगळंच). दिवाळीच्या सुट्टीत ८ नोव्हेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी, विदर्भ एक्सप्रेसने वर्ध्याला जायचं, सेवाग्राम, पवनार, मग ताडोबा असं करून परत. सगळं ठरलेलं. मग १५ ऑक्टोबरला विधानसभेच्या निवडणुकीची तारीख जाहीर झाली, २० नोव्हेंबरला मतदान. शिक्षक म्हटलं की इलेक्शन ड्युटी आलीच, पण मतदान वीसला म्हणजे आपण तोवर परत येऊ असा सगळ्यांचा हिशोब होता. दिवाळी संपता संपता एकेकाच्या हातात ऑर्डर पडायला लागल्या आणि ट्रेनिंगची तारीख बघतो तर टूरच्या बरोब्बर मधोमध. आता ट्रेनिंगला दांडी मारली तर काय होतं हे शिक्षकांना सांगायची गरज नाही. ६ तारखेला रात्री ग्रुपवर शेवटचं ठरलं की टूर जानेवारीत नेऊ, आणि ७ तारखेला सकाळी आमचे दोन जण सगळी तिकिटं घेऊन तुमच्या खिडकीवर.

म्हणजे गाडी ८ तारखेला संध्याकाळी सातच्या सुमारास, आणि आम्ही खिडकीवर ७ तारखेला सकाळी दहाला. तेहेतीस तास आधी. हा आकडा महत्त्वाचा आहे कारण सगळा हिशोब त्याच्यावर चालतो.

तारीख पुढे ढकलून मिळते का तेही विचारलं होतं. काउंटरच्या तिकिटाची तारीख एकदा बदलून मिळते पण त्यासाठी गाडीच्या ४८ तास आधी यावं लागतं, तुमच्या माणसाने नाही म्हणून सांगितलं, बरोबर सांगितलं.

आता पैसे. आमचे डबे थर्ड एसीचे. आमच्या वेळी लागू असलेला नियम असा, जो १२ नोव्हेंबर २०१५ पासून चालत आलेला होता : कन्फर्म तिकीट ४८ तासांच्या आधी रद्द केलं तर थर्ड एसीला माणशी १८० रुपये कापतात. ४८ ते १२ तासांच्या मधे केलं तर भाड्याच्या २५ टक्के, फक्त ते १८० च्या खाली जात नाही. १२ ते ४ तासांच्या मधे ५० टक्के. ४ तासांच्या आत आलात तर काही मिळत नाही. आणि वेटिंग किंवा आरएसी असेल तर हे टप्पे लागतच नाहीत, गाडीच्या अर्धा तास आधीपर्यंत फक्त माणशी ६० रुपये क्लार्केज. एसी असल्यामुळे कापलेल्या रकमेवर जीएसटी लागतो, पण तो मी खाली हिशोबात धरत नाही, उगाच डोकं फिरतं. भाडंसुद्धा सोयीसाठी माणशी १,२०० धरतो, तिकिटावरचा आकडा थोडा वेगळा आहे, अर्जात पैशापर्यंत बरोबर लिहिलाय.

परतीची तिकिटं सगळी कन्फर्म होती आणि गाडीला अजून ४८ तासांपेक्षा जास्त वेळ होता, तिथे माणशी १८० कापले. बरोबर. विषय संपला.

जातानाची मात्र चार तिकिटं होती. एका फॉर्मवर सहाच नावं बसतात आणि रांगेत एका माणसाचा एका वेळी एकच फॉर्म घेतात म्हणून ऑगस्टमध्ये आमचे चौघं चार फॉर्म घेऊन उभे राहिले होते. चार फॉर्म म्हणजे चार पीएनआर. पहिल्या दोन पीएनआरमधे सहाही जण कन्फर्म. तिसऱ्यात पाच कन्फर्म आणि एक वेटिंग. चौथ्यात चार कन्फर्म आणि दोन वेटिंग. दिवाळीच्या गर्दीत असं होतंच, डब्यातल्या शेवटच्या सीटा संपता संपता तुमचा फॉर्म आत गेला की अर्धे आत अर्धे बाहेर. आणि हे तिघं वेटिंगवाले ७ तारखेच्या सकाळीही वेटिंगलाच होते, खिडकीवर जायच्या आधी पीएनआर स्टेटस बघून स्क्रीनशॉट काढून ठेवलेत, तेही अर्जाला जोडलेत. तिकिटावर छापलेलं स्टेटस बुकिंगच्या दिवसाचं असतं, हिशोब होतो तो कॅन्सल करतानाच्या स्टेटसवर. तोपर्यंत तिघंही कन्फर्म झाले असते तर मी हे पत्र लिहिलंच नसतं.

आता खरा नियम, जो खिडकीवर कुणाला सांगितला की समोरचा आपल्याकडे असं बघतो की आपण घरी बसून काहीतरी बनवून आणलंय. रेल्वेच्याच तिकीट रद्द करणे आणि भाडे परताव्याच्या २०१५ च्या नियमांत लिहिलंय की एकाच तिकिटावर एकापेक्षा जास्त प्रवासी असतील, म्हणजे पार्टी तिकीट किंवा फॅमिली तिकीट, आणि त्यातले काही कन्फर्म आणि काही आरएसी किंवा वेटिंगला असतील, तर ते सगळं तिकीट गाडीच्या अर्धा तास आधीपर्यंत सगळ्यांसाठी रद्द केलं तर कन्फर्मवाल्यांनाही क्लार्केज वजा करून पूर्ण भाडं परत मिळतं. कन्फर्मवाल्यांनाही. २५ टक्के नाही, ५० टक्के नाही, माणशी ६० रुपये.

नियम असा का असेल ते कळायला फार अक्कल लागत नाही. सहा जणांचं कुटुंब आहे, पाच जणांना जागा दिली आणि आजीला वेटिंगला ठेवली, तर आजीला प्लॅटफॉर्मवर सोडून पाच जण जाणार आहेत का? रेल्वेने पूर्ण पार्टीला जागा दिलेली नाही, तेव्हा न गेल्याचा पूर्ण भुर्दंड पार्टीवर टाकायचा नाही. हा नियम केवढा मोठा आहे बघा, गाडीच्या दोन तास आधी पूर्ण कन्फर्म तिकीट घेऊन आलात तर शून्य मिळतं, पण त्याच वेळी सहातला एक जरी वेटिंगला असेल आणि सहाही जणांचं रद्द करत असाल तर सगळ्यांचे पैसे ६०-६० कापून परत. अट एकच, कुणीही जायचं नाही. एक जण जरी म्हणाला की मी जातोच, तर बाकीच्यांना हा नियम लागत नाही.

आमच्यातलं कुणीच जाणार नव्हतं. तिसऱ्या पीएनआरच्या फॉर्मवर सहा नावं, चौथ्याच्या फॉर्मवर सहा नावं, तुमच्याच छापील आरक्षण आणि रद्दीकरणाच्या फॉर्मवर, तारीख वार सही सगळं. म्हणजे तिसऱ्या तिकिटावर कापायला हवे होते सहा गुणिले साठ, ३६० रुपये. चौथ्यावरही ३६०. प्रत्यक्षात तिसऱ्यावर पाच जणांचे तीनशे तीनशे आणि एकाचे साठ असे १,५६० गेले आणि चौथ्यावर चार जणांचे तीनशे तीनशे आणि दोघांचे साठ साठ असे १,३२० गेले. जास्तीचे झाले १,२०० आणि ९६०, मिळून २,१६० रुपये. नऊ माणसं, माणशी २४०. भाडं गोल धरून.

आता तुम्ही म्हणाल, आणि तुमच्या माणसाने म्हटलंच, की साहेब पैसे आम्ही कापत नाही कॉम्प्युटर कापतो. हे मला अगदी मान्य आहे. म्हणूनच कॉम्प्युटरने तसं का कापलं ते शोधायला आम्ही पावत्या समोर ठेवून बसलो, आणि आमच्या ग्रुपमधल्या गणिताच्या मॅडमनी ते पकडलं.

झालं असं. आमच्या माणसाने चारही तिकिटं आणि चारही फॉर्म एकत्र आत सरकवले. पहिली दोन पटापट झाली. तिसरं हातात घेतल्यावर तुमचे खिडकीवरचे साहेब म्हणाले, "यात एक वेटिंग आहे, त्याचं आधी काढून घेतो." आम्हाला वाटलं बरं, आपल्या सोयीचंच करतायत. मशीन वाजलं, एक कागद बाहेर आला, त्यांनी तो बाजूला ठेवला, परत काहीतरी टाईप केलं, परत मशीन वाजलं. चौथ्या तिकिटालाही तेच. मागे रांग दारापर्यंत गेलेली, दिवाळीनंतरच्या परतीच्या तिकिटांची माणसं, कुणीतरी मागून "अहो काका किती तिकिटं आहेत तुमची" म्हणून ओरडतंय, त्यात नोटा मोजून घेणं एवढंच आमच्या माणसाला सुचलं. आम्ही रोख भरले होते म्हणून परतही रोखच मिळाले, सगळ्या पावत्या एकत्र स्टेपल करून.

घरी येऊन स्टेपल काढली तेव्हा दिसलं की पहिल्या दोन पीएनआरच्या एकेक पावत्या आहेत आणि तिसऱ्याच्या दोन आणि चौथ्याच्या दोन. तिसऱ्याच्या पहिल्या पावतीत प्रवासी एक, कापले साठ. दुसऱ्या पावतीत, दोन-तीन मिनिटांनंतरच्या, प्रवासी पाच, कापले २५ टक्के. बस, सगळी गोची इथेच आहे. वेटिंगवाला माणूस आधी वेगळा काढला म्हणजे ते अर्धवट रद्दीकरण झालं, आणि उरलेल्या पाच जणांचं तिकीट त्या क्षणी पूर्ण कन्फर्म तिकीट झालं. मग तेच तिकीट परत रद्द करायला गेलं की कॉम्प्युटरला समोर दिसतात पाच कन्फर्म प्रवासी आणि तेहेतीस तास, तो बिचारा २५ टक्के लावणार नाहीतर काय करणार? त्याला काय माहीत की दोन मिनिटांपूर्वी इथे सहावा माणूस होता. सहाही जण एका एन्ट्रीत रद्द केले असते तर हा प्रश्नच आला नसता.

म्हणजे चूक पॉलिसीची नाही, सॉफ्टवेअरचीही नाही, क्रमाची आहे. आणि तो क्रम आम्ही सांगितलेला नव्हता, आमचा फॉर्म सहा नावांचा एकच होता, तो तुमच्या दप्तरात असणार, काढून बघा.

हे लिहिताना खिडकीवरच्या त्या माणसाबद्दल मला राग नाही, त्याने ते पैसे खिशात घातलेले नाहीत, रेल्वेच्याच गल्ल्यात गेलेत, आणि त्याने बहुतेक वेटिंगवाल्याचं तरी कमी कापलं जावं म्हणून चांगल्या मनानेच तसं केलं असेल. पण सुतारानं माप न घेता आधी करवत चालवावी तसं झालं, नंतर कितीही चांगलं मन असलं तरी फळी लांब होत नाही.

राग आला तो नंतरच्या उत्तरांचा. पावत्या घेऊन परत गेलो तेव्हा एकजण म्हणाले कन्फर्म ते कन्फर्म, त्याला वेटिंगचा नियम कसा लागेल. दुसरे म्हणाले तो नियम फक्त ऑनलाइन तिकिटाला आहे. तो ऑनलाइनलाही आहे, फक्त तिथे सगळ्या नावांवर टिक करून कॅन्सल करावं लागतं किंवा चार्ट लागल्यानंतर असेल तर गाडीच्या अर्धा तास आधीपर्यंत टीडीआर भरावा लागतो. पण काउंटरच्या तिकिटाला नाही असं कुठेही लिहिलेलं नाही, उलट पार्टी तिकीट हा शब्दच काउंटरच्या काळापासूनचा आहे. तिसऱ्यांनी सांगितलं टीडीआर भरा. साहेब, टीडीआर म्हणजे तिकीट जमा केल्याची पावती, तिकीट हातात असताना पैसे मिळत नसले की ते जमा करून भरायची गोष्ट. आमचं तिकीट तुम्ही आधीच घेऊन रद्द केलंय, पैसेही दिलेत, कमी दिलेत. मी आता जमा काय करू? पावती?

चौथे एक होते, वयस्कर, रिटायरमेंटला आलेले असावेत, त्यांनी दोन्ही पावत्या शेजारी शेजारी ठेवून वेळ बघितली, चष्मा वर केला आणि एवढंच म्हणाले, "हे एकदम करायला पाहिजे होतं." त्यांना हात जोडून नमस्कार. पण हे वाक्य ते कागदावर लिहून द्यायला तयार नव्हते.

आणि हो, एकाने असंही विचारलं की दोन हजारासाठी एवढं कशाला, चोवीस जणांत वाटून किती येणार. दोन हजार चोवीस जणांचे नाहीत हो, नऊ जणांचे आहेत. त्यात एक आमच्या शाळेतून रिटायर झालेल्या बाई आणि त्यांचे मिस्टर आहेत. ज्येष्ठ नागरिकांची तिकिटातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली ती बंदच, म्हणून त्यांनी ऑगस्टमध्ये पूर्ण भाडं भरलंय. त्यांना ऑर्डर नव्हती, ट्रेनिंग नव्हतं, आमच्यासाठी थांबले. ग्रुपचा हिशोब माझ्याकडे असतो, त्यांना मी काय सांगू की वेटिंगवाल्याला आधी काढला म्हणून तुमचे चारशे ऐंशी गेले? पहिल्या पीएनआरमधल्यांचे तेवढेच कापले गेले आणि ते त्यांना पटलं कारण ते नियमात आहे, पण एकाच ग्रुपमध्ये कुणाचे किती कापले हे मला वहीत लिहावं लागतं आणि प्रत्येक आकड्यापुढे कारण लिहावं लागतं. या नऊ आकड्यांपुढे लिहायला माझ्याकडे कारण नाही.

तर आता आमची मागणी.

अर्जासोबत तिसऱ्या आणि चौथ्या पीएनआरच्या दोन्ही दोन्ही पावत्यांच्या झेरॉक्स आहेत, बुकिंगच्या वेळी काढून ठेवलेले तिकिटांचे फोटो आहेत (मूळ तिकिटं तुमच्याकडेच जमा झाली), त्या सकाळचे पीएनआर स्टेटसचे स्क्रीनशॉट आहेत आणि हिशोबाचा कागद आहे. तुम्हाला तुमच्या अधिकारात हे दुरुस्त करता येत असेल तर करून टाका, आम्ही सही करून रोख घेऊन जातो. रद्दीकरण सिस्टीममधे एकदा झालं की खिडकीवरून फरक देता येत नाही असं असेल तर तेही समजू शकतो. मग एकच करा, आमच्या अर्जावर तुमचा शेरा मारा की प्रत्येक पीएनआर एकाच फॉर्मवर सहाही प्रवाशांसाठी आला होता आणि रद्दीकरण दोन टप्प्यांत झालं, आणि तो अर्ज मुख्य वाणिज्य व्यवस्थापक, परतावा विभाग, यांच्याकडे पुढे पाठवा. परताव्याचं तिथेच ठरतं हे आम्हाला माहीत आहे. पण तिथला अधिकारी खिडकीवर उभा नव्हता, तो कॉम्प्युटरमधली एन्ट्री बघणार, आणि एन्ट्रीत दिसणार की पाच कन्फर्म प्रवाशांनी तेहेतीस तास आधी कॅन्सल केलं, २५ टक्के बरोबर, फाईल बंद. तो सहा नावांचा फॉर्म आणि तुमचा शेरा नसेल तर आमचा अर्ज तिथे पहिल्याच मिनिटाला मरतो. म्हणून हे पत्र त्यांना न लिहिता तुम्हाला लिहितोय.

भाड्याच्या परताव्यासाठी रेल्वे दावा न्यायाधिकरण पण आहे, १९८७ च्या कायद्याने झालेलं, मुंबईत त्याचं खंडपीठ आहे, हे एका पालकांनी सांगितलं, ते वकील आहेत. दोन हजारासाठी तिथे जायची आमची अजिबात इच्छा नाही, शाळा कोण शिकवणार. पण रस्ता आहे एवढं माहीत असू द्या.

आणि फॉर्म जपून ठेवा ही हात जोडून विनंती. जुन्या फॉर्मचे गठ्ठे ठरावीक काळाने निकालात निघतात, आमचे दोन फॉर्म त्या गठ्ठ्यात गेले तर पुरावा म्हणून आमच्याकडे फक्त वेळ छापलेल्या पावत्या उरतील. ७ नोव्हेंबर २०२४, सकाळची शिफ्ट, ते दोन बाजूला काढून अर्जाला टाचून ठेवा.

दुसरी मागणी पैशाची नाही. तुमच्या खिडकीच्या काचेवर कॅन्सलेशनच्या टप्प्यांचा कागद चिकटवलेला आहे, १८०, २५ टक्के, ५० टक्के वगैरे. त्याच्या खाली एक ओळ वाढवा की एकाच पीएनआरमधे काही कन्फर्म आणि काही वेटिंग किंवा आरएसी असतील आणि सगळ्यांचंच रद्द करायचं असेल तर आधी सांगा. आणि आतल्या बाजूला तुमच्या लोकांना पण एक ओळ, की अशा तिकिटातला वेटिंगवाला आधी वेगळा काढायचा नाही. दिवाळी, मे महिना, गणपती, तिन्ही सीझनला अशी अर्धी आत अर्धी बाहेर तिकिटं किती येतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यातल्या कितीजणांनी स्टेपल काढून पावत्या बघितल्या असतील देव जाणे.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी पण दोन शब्द, कारण खुलं पत्र आहे तर तेवढा फायदा झालाच पाहिजे. ग्रुपचं तिकीट कॅन्सल करायला जाताना त्याच सकाळी प्रत्येक पीएनआरचं चालू स्टेटस बघा आणि फोटो काढून ठेवा. मिक्स पीएनआर असेल तर फॉर्मवर सगळी नावं लिहून वर ठळक अक्षरात "पूर्ण पीएनआर एकत्र रद्द" असं लिहा आणि तोंडानेही सांगा, लाजू नका, मागचे ओरडले तरी ओरडू देत. पैसे मोजायच्या आधी पावत्या मोजा, एका पीएनआरला एकच पावती आली पाहिजे. दोन आल्या तर तिथेच थांबा, खिडकी सोडू नका. आणि स्लीपरच्या तिकिटात हा फरक छोटा वाटतो, आमच्या वेळी तिथे कमीतकमी कापणी १२० आणि क्लार्केज ६० होतं, पण बारा तासांच्या आत आलात तर तिथेही निम्मं भाडं आणि साठ रुपये असा फरक पडायचा. तुमचा प्रवास पुढे असेल तर त्या दिवशीचे टप्पे आणि रकमा तेवढ्या एकदा तपासून घ्या, रेल्वे त्या बदलत असते.

साहेब, जानेवारीच्या टूरची तिकिटं काढायला आमचे लोक परत तुमच्याच खिडकीवर येणार आहेत, जवळची दुसरी खिडकी नाही. तेव्हा अर्जाची पोच तयार ठेवा, मागच्या वेळी शिक्का सापडत नव्हता म्हणून ती राहिली होती. अर्जावर माझा नंबर आहे, शाळा सुटल्यावर कधीही फोन करा, पैसे न्यायला नऊ जणांच्या सह्यांचं पत्र घेऊन येतो.

आपला,
ग्रुपचा हिशोब ठेवणारा एक मास्तर